रेफरन्सला दे की गा!

"मला कॉपी करायची आहे, तुझी वही दे," असं आजवर कुठल्याही विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला म्हटलेलं नाही. ही मागणी नेहमी इस्त्रीचे कपडे घालून येते. "रेफरन्सला दे." "फक्त फॉरमॅट बघतो." "उत्तर टॅली करायचंय." "तिसरा प्रश्न तेवढा राहिलाय, बाकी सगळं झालंय." यातलं बाकी सगळं म्हणजे पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर. परीक्षेच्या बाबतीत तर भाषा आणखी सोवळी होते. तिथे "उत्तर सांग" असं कोणी म्हणत नाही. "जरा वही तिरकी धर" एवढंच म्हणतात, जणू विषय भूमितीचा आहे.

मी आयुष्यभर इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं, त्यामुळे या भाषेची उत्तरपत्रिकेत उमटणारी बाजू मला चांगली ठाऊक होती. तिची बोली बाजू मात्र निवृत्तीनंतर कळली. जयनगरच्या फोर्थ टी ब्लॉकमध्ये आमचं घर आहे, आणि गच्चीवरच्या खोल्या आम्ही विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर अशी त्या पट्ट्यातली मराठी मुलं एकमेकांच्या ओळखीने येत राहतात. यात एक गंमत आहे. ज्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवी घ्यायला ही मुलं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला येतात, त्या विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून बेळगावातच आहे. पण काखेत कळसा असला तरी गावाला वळसा घातल्याशिवाय इंजिनिअर होता येत नाही, असा एकूण समज आहे.

सध्या वरच्या खोलीत दोघे आहेत. नावं कशाला, घरात आम्ही त्यांना गावावरूनच हाका मारतो. एक खानापूरकर आणि दुसरा निपाणीकर. एक वर्ग, एक खोली, एक टेबल आणि एक चार्जर. खानापूरकर सरळमार्गी, अक्षर मोत्यासारखं, असाइनमेंट दोन दिवस आधी तयार. निपाणीकर दिलदार, हसरा, अर्ध्या जयनगराशी त्याची ओळख. असाइनमेंट ही गोष्ट जमा करण्याच्या दिवशी सकाळीच अस्तित्वात येते, अशी त्याची श्रद्धा. माझी कपड्यांची दोरी त्यांच्या खिडकीशेजारी आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे. चोरून नव्हे, कपडे वाळत घालताना.

आता हा व्यवहार इतका नाजूक का, तर त्याच्यामागे गुण आहेत. विद्यापीठात अंतिम गुणांपैकी निम्मं वजन अंतर्गत मूल्यमापनाला असतं. 'इंटर्नल्स' म्हणजे ब्लू बुकमध्ये लिहायच्या चाचण्या, आणि त्यांच्या जोडीला असाइनमेंट. म्हणजे असाइनमेंट ही शाळेतल्या गृहपाठासारखी ओरडा खाऊन सोडून देण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. मागणाऱ्याला ती हवीच असते, आणि देणाऱ्याला हे माहीत असतं की आपण 'नाही' म्हटलं तर ते एका वहीला नव्हे, मित्राच्या गुणांना म्हटल्यासारखं होतं.

त्यात हे शहर पडलं बेंगळुरू. इथे "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि" या तीन शब्दांवर बस चालते, रांग चालते आणि दोघांच्या बाकावर तिसरा माणूस बसतो. थोडं सांभाळून घ्या, एवढीच मागणी असते, आणि इथला माणूस ती सहसा मोडत नाही. अशा गावात मित्राला ठाम नकार देणं म्हणजे नागरी शिष्टाचाराचा भंगच. वास्तविक आमच्या घराला लागून तिलकनगर आहे. ते नाव ऐकलं की मराठी माणसाला शेंगांची टरफलं आठवतात. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही," हे भाषण आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या इयत्तेत हातवारे करून म्हटलेलं आहे. पण त्या गोष्टीत नकार मास्तरांना आहे. शेजारी बसलेला मित्र म्हणाला असता, "बाळ, तुझी गणितं जरा रेफरन्सला दे," तर काय करायचं याचा धडा आपल्याला कोणी दिला नाही. मास्तरांना 'नाही' म्हणायला धैर्य लागतं हे खरं. पण मास्तर संध्याकाळी आपल्याबरोबर एका खोलीत झोपायला येत नाहीत.

खानापूरकराने सुरुवात केली ती सगळेजण करतात तशी, म्हणजे खोटं बोलून. पहिलं खोटं, "माझंच झालं नाही अजून." हे खोटं वर्गाच्या प्रतिनिधीने हाणून पाडलं. त्याने 'वेळेआधी जमा करणाऱ्यांचं अभिनंदन' म्हणून ग्रुपवर यादी टाकली आणि तिच्यात खानापूरकर पहिला. दुसरं खोटं, "वही सापडत नाही." एका टेबलावर राहणाऱ्या माणसांनी हे खोटं बोलूच नये. निपाणीकराने ती दोन मिनिटांत शोधून दिली आणि वर "किती पसारा करतोस लगा" असं ऐकवलं. मग खानापूरकराने तिसरं कारण काढलं, आणि हे खोटंही नव्हतं: "सर पकडतील."

इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेक नकार इथेच बुडतात. "सर पकडतील" हे कारण आहे, आणि कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय काढतो. "मी बदलून लिहितो की!" "व्हेरिएबलची नावं बदलतो." "प्रश्नांचा क्रम बदलतो." "तुझ्या आधी मी जमा करतो, म्हणजे तू सुटलास." एकेक उपाय ऐकताना खानापूरकराची कारणं संपत गेली, आणि कारणं संपल्यावर नकारही संपला. कारण देऊन नकार देणारा माणूस खरं तर एवढंच सांगत असतो की अडचण सोडवलीस तर देतो.

आता 'बदलून लिहितो' या उपायाबद्दल थोडं, कारण इथे माझा व्यवसाय कामाला येतो. मुलांना वाटतं, तपासणारा माणूस सारखेपणा शोधतो. तसं नसतं. साठ मुलांनी एकच प्रश्न सोडवला तर साठ उत्तरं सारखी येणारच, त्यात कसला पुरावा? तपासणारा सारखी चूक शोधतो. बरोबर उत्तराला जायचा रस्ता बहुधा एकच असतो. चुकायचे रस्ते मात्र अगणित, आणि दोघं एकाच खड्ड्यात एकाच जागी पडले तर ते हात धरूनच चालले असणार. एका वर्षी मी वर्गातल्या साठ मुलांच्या गुणांची बेरीज करणारा सी भाषेतला प्रोग्राम लिहायला दिला होता. एका मुलीने त्यातली मुख्य ओळ अशी लिहिली:

```c
for (i = 0; i <= n; i++) sum += a[i];
```

आणि तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने, स्वतःच्या बुद्धीने, अशी:

```c
for (k = 0; k <= n; k++) total += marks[k];
```

नावं सगळी बदललेली. `i` चा `k` झाला, `sum` चा `total` झाला. पण सी भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे साठ मुलं 0 ते 59 या क्रमांकांत संपतात. तिथे `<` हवं होतं, आणि दोघांनीही `<=` लिहिलं. म्हणजे दोघांनीही वर्गात नसलेल्या एकसष्टाव्या विद्यार्थ्याचे गुण बेरजेत धरले. एकाने धरले तर ती चूक. दोघांनी धरले तरी एक वेळ योगायोग म्हणेन, कारण ही चूक नवशिक्यांची लाडकी आहे. पण त्या वर्षी तो एकसष्टावा विद्यार्थी डझनभर वह्यांमध्ये हजर होता, आणि त्यातल्या तिघांनी छापलेल्या निकालात 'एकूण' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा एकाच प्रकारे चुकवलेलं होतं. वर्गातल्या कोणत्याही खऱ्या मुलाची हजेरी इतकी चांगली नव्हती.

हल्ली हे काम डोळ्यांनी करायचीही गरज राहिलेली नाही. अलेक्स एकिन या अमेरिकी प्राध्यापकाने 1994 साली 'मॉस' नावाची व्यवस्था तयार केली. सगळ्या मुलांचे प्रोग्राम तिला दिले की ती नावं, मोकळ्या जागा, टिपा हे वरचं कातडं बाजूला ठेवते आणि आतला सांगाडा जुळवून पाहते. कुठल्या दोन प्रोग्रामचे सांगाडे किती जुळतात त्याची यादी ती देते. ही चोरीच आहे असा निवाडा ती करत नाही, तो माणसाने वाचून करायचा. आणि आणखी एक गोष्ट ती सांगत नाही, जी प्रत्येक दिलदार मित्राने पाठ करून ठेवावी. मूळ कोणाचं आणि नक्कल कोणाची, हे ती सांगत नाही. दोन नावं शेजारी शेजारी येतात, लग्नपत्रिकेत येतात तशी. मग ज्याने रात्र जागून लिहिलं त्यालाच "हे माझं आहे" म्हणून सिद्ध करत बसावं लागतं. "तुझ्या आधी मी जमा करतो, म्हणजे तू सुटलास" या उपायात सुटणारा नेमका कोण, हे आता लक्षात येईल.

खोटं फसलं, कारणं संपली, की चांगली मुलं तिसऱ्या वाटेला लागतात. ती म्हणजे अर्धा नकार. फोटो पाठवायचा, पण हलवून काढलेला. चार पानांपैकी दोनच द्यायची. रात्री साडेबाराला "आत्ता बघितला मेसेज" म्हणायचं. हे नकार नव्हेत, हा उशिरा दिलेला होकार आहे, आणि तोही गुणवत्तेत खराब. मित्राला असाइनमेंट तर मिळत नाहीच, शिवाय आपण कंजूस आहोत हे कळतं. याहून वाईट प्रकार म्हणजे मुद्दाम चुकीचं उत्तर देणं. "त्याला धडा शिकवला" असं काही मुलं अभिमानाने सांगतात. मैत्री तोडायचीच असेल तर याहून स्वस्त उपाय आहेत.

एके दिवशी मी दोरीवरचे कपडे काढत असताना खानापूरकर स्वतःच बाहेर आला. "काकू, एक विचारू? नाही कसं म्हणायचं हो? म्हणजे… त्याला वाईट न वाटता."

मी म्हटलं, "वाईट न वाटता नाही म्हणता येत नाही, बाळा. वाईट थोडं वाटणारच. फक्त ते आधी वाटू दे, नंतर नको."

त्याला ते कोडं वाटलं. मग आम्ही पायरीवर बसून ते सोडवलं. नकाराची वेळ मागणीच्या वेळेवर अवलंबून ठेवायची नाही, हा त्यातला पहिला भाग. असाइनमेंट शुक्रवारी जमा करायची असेल तर गुरुवारी रात्री अकराला दिलेला नकार हा नकार राहत नाही, तो घात होतो, कारण तोपर्यंत मित्राचे सगळे रस्ते बंद झालेले असतात. तोच नकार मंगळवारी दिला तर मित्राच्या हातात तीन संध्याकाळी राहतात. म्हणजे मागायच्या आधीच सांगून टाकायचं. दुसरा भाग असा की वाक्य छोटं हवं आणि त्यात कारण नको. "मला देता येणार नाही" म्हटलं की "का?" येतो. "मी कुणाला देत नाही" म्हटलं की फारसा पुढचा प्रश्न उरत नाही, कारण ही तक्रार त्या मित्राबद्दल नाही, ही माणसाची रीत आहे. उपवासाच्या दिवशी आपण खात नाही, त्यावर कोणी वाटाघाटी करत बसत नाही. अट एकच, रीत खरी हवी. पुढच्या बाकावरच्या मुलीला 'अपवाद म्हणून' वही गेली की ही रीत त्याच क्षणी संपली, आणि अशी बातमी खोलीवर यायला वेळ लागत नाही.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नकाराला लागूनच काहीतरी द्यायचं, आणि ते मोजून द्यायचं. "काही लागलं तर सांग" हे देणं नव्हे, ती पाहुण्यांना निरोप देतानाची भाषा झाली. "आज आठला बसू, नऊपर्यंत, तुला येईपर्यंत सांगतो," हे देणं. यात वार आहे, वेळ आहे आणि शेवट आहे.

मंगळवारी संध्याकाळी खिडकीतून ऐकू आलं ते असं.

"हे बग, या खेपेला असाइनमेंट मी कुणालाच देणार नाही. तुलाबी नाही. आठला बसूया, तासभर. सांगतो सगळं."

निपाणीकर हसला. मग थांबला. "म्हंजे? माझ्यावर इश्वास नाय काय?"

"इश्वास हाय की गा. वही देत नाही एवढंच."

"मग तासभर बसून काय करायचं? वही दिलीस तर धा मिनिटांत काम हुतंय."

या प्रश्नाला खानापूरकराने उत्तर दिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. तो म्हणाला, "आठला. कॉफी पिऊन येऊ आधी."

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याने बाय-टू कॉफी घेऊन दोघे परतले. एक कॉफी दोन पेल्यांत ही या शहराची जुनी रीत आहे, आणि अर्धी कॉफी ही कधीही पूर्ण कॉफीपेक्षा जास्त वेळ पुरते. आठला बैठक सुरू झाली. मी खानापूरकराला एकच सूचना दिली होती. स्वतःची वही बंद ठेवायची, शक्यतो कपाटात. उघडी वही समोर असली की शिकवणाऱ्याचं बोट आपोआप त्या ओळीवर जातं आणि शिकणाऱ्याचे डोळे बोटामागे. शिवाय तोच प्रश्न सोडवायला घ्यायचा नाही, त्याचा चुलतभाऊ घ्यायचा. असाइनमेंटमध्ये वर्गाचे गुण होते, म्हणून त्यांनी आठवड्याच्या नाश्त्याचा खर्च घेतला. सात दिवस, सात आकडे, त्यांची बेरीज. पेन निपाणीकराच्या हातात.

त्याने प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि पडद्यावर आलेला आकडा बघून दोघेही गप्प झाले. सात दिवसांच्या डोशांचं बिल काही लाखांत गेलं होतं.

"आयला, एवढं खाल्लं आपण?" निपाणीकर म्हणाला.

खानापूरकराला चूक दिसली होती. तो एवढंच म्हणाला, "मोज. सोमवार शून्य. मग रविवार कितवा?"

बोटांवर मोजणी झाली. "सहावा."

"आणि तू कुठपर्यंत गेलास?"

पुन्हा शांतता. मग एकदम आरडाओरडा. `<=` मुळे तो आठव्या दिवशी जेवून आला होता. त्या नसलेल्या दिवसाच्या जागी संगणकाच्या स्मृतीत जो काही कचरा पडला होता, तो बिलात आला. निपाणीकराने ते `=` खोडलं तेव्हाचा त्याचा आवाज मला खाली स्वयंपाकघरात ऐकू आला. ही चूक आता तो जन्मात करणार नाही. वहीतून उतरवली असती तर ती चूक झालीच नसती, आणि परीक्षेत नेमकी तीच झाली असती.

मदत कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते याची एक साधी कसोटी मी शिक्षक असताना वापरत असे. वही मिटून विचारायचं, "इथे हे चिन्हच का?" स्वतः धडपडून लिहिलेला मुलगा अडखळत का होईना उत्तर देतो, कधी कधी चुकीचंसुद्धा देतो. उतरवणारा मुलगा वहीकडे बघतो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. बुधवारी निपाणीकर फुरंगटला. असाइनमेंटमध्ये पाच प्रश्न होते, आणि तासात एकच समजला होता. उरलेले त्याला स्वतः करायचे होते. फुरंगटण्याची लक्षणं ठरलेली असतात. समोर बसलेल्या माणसाशी तिसऱ्यामार्फत बोलणं सुरू होतं. "काकू, त्याला सांगा, गीझर चालू राहिलाय." खानापूरकराच्या घरून आलेला बेळगावी कुंदा दोन दिवस अस्पर्श राहिला, यावरून प्रकरणाचं गांभीर्य कळावं.

या दोन दिवसांत नकार देणारे लोक सहसा कच खातात. माफी मागायला जातात, लांबलचक खुलासे करतात किंवा गुपचूप वही टेबलावर उघडी ठेवून आंघोळीला जातात. त्यांना वाटतं मैत्री संपली. मागणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं याचा आपला अंदाज फार कच्चा असतो, आणि उलटंही खरं आहे. व्हेनेसा बोन्स या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडे जाऊन एक विनंती करायला सांगितली: ग्रंथालयाच्या पुस्तकात पेनाने 'लोणचं' असा शब्द लिहून द्या. कोण लिहील, असं विचारणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त लोकांनी कुरकुरत का होईना पण लिहून दिलं. पुस्तक खराब करणं चूक आहे हे त्यांना माहीत होतं. तोंडावर नाही म्हणणं त्याहून जड गेलं, इतकंच. यातून दोन गोष्टी निघतात. मागणारा दुष्ट नसतो, आपण समोरच्याला किती अडचणीत टाकतोय हे त्याला खरोखरच उमगत नाही. आणि अनोळखी माणसासाठी लोणचं लिहून देणारी आपली जात, तिथे खोलीतल्या मित्राला नाही म्हणताना घाम फुटला तर त्यात लाज कसली?

तेव्हा त्या दोन दिवसांत करायचं काय, तर काहीच नाही. नेहमीसारखं वागायचं. सकाळी नाश्त्याला हाक मारायची, गीझर बंद करायचा, कुंदा झाकून ठेवायचा. नकार एका वहीपुरता होता, माणसाला नव्हता, हे शब्दांनी पटत नाही. सलग दोन दिवस नाश्त्याला हाक मारल्यावर पटतं. शुक्रवारी निपाणीकराने चार प्रश्न जमा केले, पाचवा सोडून दिला, आणि संध्याकाळी कुंद्याचा डबा रिकामा सापडला. तो अजूनही म्हणतो, "दिली असतीस तर काय बिघडलं असतं?" पण हे तो खानापूरकराच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो.

परीक्षेचा मामला याहून सोपा आणि याहून कडक आहे. सोपा एवढ्यासाठी की तिथे बोलायची सोयच नाही. त्यामुळे परीक्षागृहातला नकार हा परीक्षागृहात द्यायचा नसतोच, तो आदल्या रात्री द्यायचा. "उद्या आत गेल्यावर मी बहिरा. खोकलास तरी बघणार नाही, पाण्याची बाटली पाडलीस तरी नाही. बाहेर आल्यावर कॉफी." हे आदल्या रात्री सांगितलं नाही तर मित्र मागे बसून तीन तास खुणा करत राहतो. त्याचा स्वतःला येणारा पेपरही त्यात जातो, आणि वर तो समजतो की तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

पर्यवेक्षक म्हणून फिरताना माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. घेणाऱ्यापेक्षा देणारा आधी दिसतो. लिहिणारा माणूस स्वभावतःच पेपरवर झुकतो. मागे रेलून, उत्तरपत्रिका आरतीच्या ताटासारखी उंच धरून स्वतःचंच लिखाण कौतुकाने वाचणारा माणूस दारातून दिसतो. घेणारा त्याच्या सावलीत सुखरूप असतो. हे रोखायला प्रशासनाने काय काय केलं नाही! 2019 साली कर्नाटकातल्याच हावेरीत एका कॉलेजने मुलांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याची खोकी घालून पेपर लिहून घेतला. समोरची बाजू तेवढी कापलेली. छायाचित्रं देशभर गेली, शिक्षण खात्याने कान उपटले, कॉलेजने दिलगिरी व्यक्त केली. खोक्याचा फायदा एकच होता. मित्राने खुणावलं तर दिसलं नाही, असं प्रामाणिकपणे सांगता आलं असतं.

कडक भाग असा. पेपर पकडला गेला की सर्वसाधारणपणे दोघांच्याही उत्तरपत्रिका काढून घेतात आणि दोघांकडूनही आपापल्या अक्षरात लेखी जबाब घेतात. मी असे जबाब वाचलेले आहेत. शाळेपासूनचे मित्र शेजारच्या बाकांवर बसून लिहितात. एक लिहितो, "मला न विचारता त्याने माझा पेपर पाहिला." दुसरा लिहितो, "त्यानेच मला दाखवला." दोन्ही कागद खाली सहीसकट. मग ते दोघे खोलीवर जातात. असाइनमेंट न दिल्याने दोन दिवस न बोलणारे मित्र मी पुष्कळ पाहिले. त्या कागदांवर सह्या केल्यानंतर पूर्वीसारखे बोलणारे फारसे पाहिले नाहीत. मैत्री नकाराने तुटेल या भीतीने मुलं होकार देतात, आणि ती तुटते बहुतेक वेळा होकारानेच.

एक प्रकार मात्र वेगळा ठेवायला हवा. मित्र खरंच अडलेला असू शकतो. पावसाळ्यात डेंग्यूने आठवडाभर पडलेला, किंवा घरी कोणीतरी आजारी म्हणून दोन रात्री प्रवासात गेलेला. त्याला वही देणं ही तेव्हा दया वाटते. पण त्याला हवे असतात ते दिवस, आणि दिवस फक्त सरांकडे असतात. "चल, मी येतो बरोबर, मुदत मागू," हे वाक्य उच्चारणारा मित्र वही देणाऱ्यापेक्षा जास्त देतो. आम्ही शिक्षक वाटतो तितके पाषाणहृदयी नसतो. जमा करायच्या आदल्या दिवशी दवाखान्याचा कागद घेऊन दोन मुलं दारात उभी राहिली की आम्ही कपाळाला आठ्या घालतो आणि सोमवारपर्यंत मुदत देतो. जमा करून झाल्यावर आलेल्या कागदाला मात्र फक्त आठ्याच मिळतात.

आणि इतकं सगळं सांभाळूनही एखादा मित्र दुरावला, दोन दिवसांचे दोन महिने झाले, तर हिशेब स्पष्ट आहे. तो मैत्रीला नव्हे, झेरॉक्सच्या दुकानाला आला होता. दुकान बंद दिसल्यावर पुढच्या गल्लीत गेला.

म्हणून माझं मत विचाराल तर मित्राला तास द्या, वही देऊ नका. दिलेला तास कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही, आणि त्याबद्दल कोणाला लेखी जबाबही द्यावा लागत नाही.